पाठवलेला मेसेज डिलीट न करता दुरुस्त करताना: १५ मिनिटांची मुदत, ‘Edited’ ही खूण आणि सोसायटीच्या ग्रुपवरील एक सूचना

नवी मुंबईतील गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये रोजच्या सूचना आता सूचनाफलकावर लागण्याआधी व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचतात. पाणी कोणत्या दिवशी बंद राहणार, लिफ्टच्या देखभालीसाठी माणूस केव्हा येणार, मेंटेनन्स कोणत्या खात्यावर भरायचा, हे सारे सचिव किंवा खजिनदार मोबाइलवर टाइप करतात आणि त्यात कधी दिवस चुकतो, कधी वेळ, तर कधी खाते क्रमांकातील एखादा अंक. चूक लक्षात येताच बहुतेकांचा हात आधी डिलीटकडे जातो. मेसेज निघून जातो, परंतु त्याच्या जागी तो डिलीट केल्याची ओळ राहते आणि नवा मेसेज टाइप होईपर्यंत ग्रुपवर चौकशी सुरू होते: “मॅडम, काय होते? काही महत्त्वाचे होते का?” ज्यांनी मूळ मजकूर वाचलेला असतो ते आठवेल तसे सांगतात, आणि अशा वेळी चुकीचीच माहिती पुन्हा पसरते.

व्हॉट्सॲपने मे २०२३ मध्ये पाठवलेला मेसेज दुरुस्त करण्याची सोय दिली. ही सोय वापरायला सोपी असली तरी तिच्या मर्यादा नीट माहीत नसल्या की दुरुस्ती होऊनही घोटाळा तसाच राहतो. म्हणून या लेखात व्हॉट्सॲप ग्रुपवरील एका सूचनेचे उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवले आहे. इतर ॲप्सचे नियम जिथे वेगळे आहेत तिथे ते थोडक्यात दिले आहेत.

पंधरा मिनिटे कुठून मोजायची

व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत तो दुरुस्त करता येतो. ही मुदत मेसेज पाठवल्याच्या वेळेपासून मोजली जाते; समोरच्याने तो केव्हा वाचला याचा तिच्याशी काही संबंध नाही. ग्रुपमधील एकानेही मेसेज उघडलेला नसला तरी सोळाव्या मिनिटाला दुरुस्तीचा पर्याय दिसणार नाही. एकदा दुरुस्ती केली म्हणून नवी १५ मिनिटे मिळत नाहीत. मुदतीच्या आत मात्र एकच मेसेज गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा दुरुस्त करता येतो.

याच्या तुलनेत सर्वांसाठी डिलीट करण्याची मुदत बरीच मोठी, म्हणजे सुमारे दोन दिवसांची आहे. या दोन मुदतींतील फरक लक्षात ठेवला की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सुटतात: पहिल्या पाव तासात दोन्ही मार्ग मोकळे असतात, त्यानंतर दोन दिवस फक्त डिलीटचा मार्ग उरतो, आणि पुढे मेसेज सर्वांकडे आहे तसाच राहतो. त्यामुळे सूचना पाठवल्यावर मोबाइल लगेच खिशात न ठेवता ती ग्रुपमध्ये एकदा शांतपणे वाचावी. टाइप करण्याच्या चौकटीत न दिसलेली चूक ग्रुपमधील पूर्ण मजकूर वाचताना बहुधा दिसते, आणि त्या वेळी हाताशी जवळजवळ पूर्ण १५ मिनिटे असतात.

दुरुस्ती करण्याची पद्धत

अँड्रॉइड फोनवर आपला मेसेज बोटाने दाबून धरावा. तो निवडला गेला की वर उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर टॅप करून `Edit` निवडावे. आयफोनवर मेसेज दाबून धरल्यावर जी यादी उघडते तीतच `Edit` असते. वर दिसत नसल्यास `More` मध्ये पाहावे. संगणकावर व्हॉट्सॲप वापरत असल्यास माउसचा बाण मेसेजवर नेल्यावर कोपऱ्यात खालच्या दिशेचा छोटा बाण येतो, त्यावर क्लिक केल्यास `Edit message` हा पर्याय मिळतो. ॲपच्या आवृत्तीनुसार पर्यायांची जागा थोडीफार बदलते, पण क्रम हाच असतो.

त्यानंतर जुना मजकूर लिहिण्याच्या चौकटीत येतो. हवा तो बदल करून बरोबरची खूण असलेले बटण दाबावे. मजकूर बदलतो, मेसेज ग्रुपमध्ये आपल्या मूळ जागी राहतो, त्याच्याखाली आलेली उत्तरे तशीच राहतात आणि वेळेशेजारी `Edited` हा शब्द दिसू लागतो. वेळ मात्र पहिल्यांदा पाठवल्याचीच राहते. नऊ वाजून दहा मिनिटांनी पाठवलेला मेसेज नऊ वीसला दुरुस्त केला तरी त्यावर ९:१० हीच वेळ दिसते, आणि त्यामुळे नेमका बदल केव्हा झाला हे वाचणाऱ्याला कळत नाही.

`Edit` हा पर्याय दिसत नसेल तर तीन-चार गोष्टी तपासाव्यात. मुदत संपली आहे का, हे मेसेजवरच्या वेळेवरून लगेच कळते. एकाहून जास्त मेसेज निवडले गेले असतील तर पर्याय येत नाही. मोठ्या ग्रुपमध्ये स्क्रोल करताना दुसऱ्या मेसेजवर बोट पडून असे बरेचदा होते. मेसेज आपला नसेल तर तो बदलता येतच नाही. ग्रुपच्या ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी डिलीट करण्याचा अधिकार असतो, पण त्यातला एक शब्दही बदलण्याचा अधिकार नसतो. फोटो, व्हिडिओ आणि व्हॉइस मेसेज यांनाही दुरुस्ती लागू नाही. फोटोखाली लिहिलेल्या ओळी बदलता येतात, परंतु चुकीच्या परिपत्रकाचा फोटो गेला असेल तर खालच्या ओळी कितीही सुधारल्या तरी फोटो तोच राहील. अशा वेळी मेसेज डिलीट करून योग्य फोटो नव्याने पाठवणे हाच उपाय आहे. वरीलपैकी काहीच लागू होत नसेल तर ॲप अपडेट करून पाहावे.

‘Edited’ ही खूण काय सांगते आणि काय सांगत नाही

बहुतेक गैरसमज या खुणेविषयी आहेत, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

ही खूण मेसेज पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसते आणि ती लपवण्याचा कोणताही पर्याय नाही. एक स्वल्पविराम बदलला तरी ती येते आणि पूर्ण मजकूर बदलला तरी अगदी तशीच येते. व्हॉट्सॲप ग्रुपमधील इतरांना जुना मजकूर दाखवत नाही. खुणेवर टॅप केल्याने आधी काय लिहिले होते हे त्यांना कळत नाही. म्हणजे काहीतरी बदलले आहे एवढेच वाचणाऱ्याला समजते. तो बदल शुद्धलेखनाचा होता की पाणी बंद राहण्याच्या दिवसाचा, हे त्याने ओळखायचे कसे? सूचना लिहिणाऱ्याने ते मजकुरातच सांगितले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यासाठी व्हॉट्सॲपच्या मजकूर सजवण्याच्या खुणा उपयोगी पडतात. शब्दांच्या दोन्ही बाजूंना `~` हे चिन्ह लावले की त्यांवर आडवी रेघ येते, आणि `*` लावले की अक्षरे ठळक होतात. चुकीचा शब्द पुसून टाकण्याऐवजी त्यावर रेघ मारावी आणि त्याच्या शेजारी बरोबर शब्द ठळक लिहावा:

```
~उद्या गुरुवारी~ *शुक्रवारी* सकाळी १० ते दुपारी २
```

चिन्ह आणि शब्द यांच्यामध्ये जागा सोडू नये. जागा राहिली तर रेघ येत नाही आणि ती चिन्हेच मजकुरात दिसतात. दुरुस्तीनंतर ग्रुपमध्ये नजर टाकली की हे लगेच लक्षात येते. कागदावरच्या सूचनेत खाडाखोड करून शेजारी सही केली जाते, त्याचेच काम ही रेघ करते: आधी काय होते आणि आता काय आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते आणि कोणाला विचारावे लागत नाही. केवळ टंकलेखनाची चूक असेल, म्हणजे ‘पाणीपुरवठा’ऐवजी ‘पाणिपुरवठा’ झाले असेल, तर रेघेची गरज नाही. सरळ शब्द सुधारावा. अर्थ बदलत असेल तेव्हाच रेघ मारावी.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे. ज्यांच्या मोबाइलवर मेसेज आधीच पोहोचला आहे त्यांना दुरुस्तीनंतर नवे नोटिफिकेशन जात नाही. मोबाइल वाजत नाही आणि ग्रुप यादीत वर येईलच याचा भरवसा नसतो. नऊ वाजून अकरा मिनिटांनी सूचना वाचून मोबाइल बाजूला ठेवलेल्या माणसाच्या दृष्टीने दुरुस्ती झालेलीच नसते. तो पुन्हा ग्रुप उघडून वर जाऊन वाचेल तेव्हाच त्याला कळेल. ज्यांचा मोबाइल त्या वेळी बंद होता किंवा नेटवर्कमध्ये नव्हता, त्यांच्यापर्यंत मात्र पुढे सुधारित मजकूर पोहोचतो. थोडक्यात, ज्यांनी अजून वाचलेले नाही त्यांच्यासाठी दुरुस्ती पुरेशी असते, आणि ज्यांनी वाचले आहे त्यांच्यासाठी ती एकटी पुरत नाही.

एक सूचना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, नेरूळमधील तीन विंगच्या एका सोसायटीत पाण्याच्या टाक्या साफ करायच्या आहेत. बुधवारी रात्री ९:१० वाजता सचिव मॅडम ग्रुपवर लिहितात: “उद्या गुरुवारी सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत बी आणि सी विंगचा पाणीपुरवठा टाकी सफाईसाठी बंद राहील. कृपया पाणी भरून ठेवावे.” चार मिनिटांनी सफाई करणाऱ्या ठेकेदाराचा फोन येतो, “मॅडम, माणसे शुक्रवारी येतील, गुरुवारी दुसरीकडे काम आहे.” आता ९:१४ झाले आहेत आणि मुदत ९:२५ पर्यंत आहे. घाई करण्याचे कारण नाही, पण फोनवर बोलत बसण्याइतका वेळही नाही.

सर्वात आधी दुरुस्तीच करावी, कारण दर मिनिटाला नवे लोक मेसेज उघडत असतात. `Edit` निवडून ‘उद्या गुरुवारी’ या शब्दांवर रेघ मारावी आणि पुढे ‘शुक्रवारी’ ठळक लिहावे. येथे ‘उद्या’ हा शब्द राहून गेला तर ‘उद्या शुक्रवारी’ असे नवे कोडे तयार होईल, आणि बुधवारी रात्री ते वाचणारा माणूस पुन्हा गोंधळेल. दिवस बदलताना ‘आज’, ‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द मजकुरात कुठे कुठे आले आहेत ते पाहणे म्हणूनच आवश्यक असते, आणि सूचनेत वारासोबत तारीखही लिहिली तर हा प्रश्न मुळातच उरत नाही. बरोबरची खूण दाबल्यावर मेसेज ग्रुपमध्ये वाचून रेघ योग्य शब्दांवर आली आहे याची खात्री करावी.

यानंतर किती जणांनी चुकीचा मजकूर वाचला असेल याचा अंदाज घ्यावा. अँड्रॉइडवर आपला मेसेज दाबून धरून तीन ठिपक्यांतून `Info` निवडावे. आयफोनवर मेसेज डावीकडे सरकवला की तेच पान उघडते. तेथे `Read by` खाली वाचलेल्यांची आणि `Delivered to` खाली केवळ मेसेज पोहोचलेल्यांची नावे दिसतात. निळ्या खुणा बंद करून ठेवणाऱ्यांचीही नावे येथे येतात, कारण ती सेटिंग ग्रुपच्या मेसेजना लागू होत नाही. मात्र ही यादी पूर्ण समजू नये. अनेक जण ग्रुप न उघडता स्क्रीनवर आलेल्या नोटिफिकेशनमध्येच मेसेज वाचतात, आणि असे वाचन `Read by` मध्ये नोंदले जात नाही. छोटी सूचना नोटिफिकेशनमध्ये बरीचशी दिसते, त्यामुळे ‘पोहोचला’ या यादीतील काही लोकांनाही गुरुवार हाच दिवस माहीत झाला आहे असे धरून चालावे.

`Read by` मध्ये दोन-तीनच नावे असतील आणि ती ओळखीची असतील तर त्यांना वैयक्तिक मेसेज पाठवूनही काम होते. तीन विंगच्या सोसायटीत चार मिनिटांत वीस-पंचवीस नावे सहज जमतात, म्हणून ग्रुपवरच दुसरा मेसेज टाकावा. आपला सुधारलेला मेसेज उजवीकडे सरकवून त्याला उत्तर द्यावे: “दिवस बदलला आहे. पाणी गुरुवारी सुरू राहील, शुक्रवारी बंद राहील. वरील सूचना सुधारली आहे.” हा मेसेज नवा असल्याने सर्वांचा मोबाइल वाजतो, आणि उत्तराच्या स्वरूपात असल्याने त्यावर टॅप केले की माणूस थेट मूळ सूचनेपाशी पोहोचतो. आधी दुरुस्ती आणि मग उत्तर, हा क्रम पाळावा; उत्तरासोबत मूळ मेसेजचा जो तुकडा दिसतो त्यात मग सुधारित मजकूर येतो.

हे उत्तर छोटे ठेवण्यामागे कारण आहे. पूर्ण सूचना दोनदा लिहिली की ग्रुपमध्ये तिच्या दोन प्रती होतात, आणि पुढे वेळही बदलली तर कोणती प्रत खरी हा वाद निर्माण होतो. सविस्तर मजकूर एकाच ठिकाणी असावा आणि दुसऱ्या मेसेजने फक्त तिकडे लक्ष वेधावे.

त्यानंतर मूळ मेसेज पिन करावा. मेसेज दाबून धरल्यावर `Pin` हा पर्याय मिळतो आणि २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस यांपैकी एक मुदत निवडावी लागते. काम शुक्रवारी सकाळी आहे आणि आता बुधवारची रात्र आहे. २४ तासांची मुदत निवडली तर पिन गुरुवारी रात्रीच निघून जाईल, म्हणजे नेमक्या गरजेच्या सकाळी सूचना वर दिसणार नाही. म्हणून ७ दिवस निवडावे आणि टाक्या भरून पाणी सुरू झाले की हाताने पिन काढावी. पिन करण्याचा अधिकार काही ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनकडे ठेवलेला असतो. सचिव ॲडमिन नसतील तर ॲडमिनला सांगून हे काम करून घ्यावे.

आता राहिल्या बाहेर गेलेल्या प्रती. मेसेज दुरुस्त केल्याने फक्त त्या ग्रुपमधला तो मेसेज बदलतो. ९:१२ वाजता सी विंगमधल्या एखाद्या काकांनी तो आपल्या विंगच्या छोट्या ग्रुपवर फॉरवर्ड केला असेल, तर तेथे गुरुवारच राहतो आणि त्यावर `Edited` ही खूणही येत नाही. फॉरवर्ड केलेला मेसेज ही पाठवणाऱ्याची स्वतंत्र प्रत असते. मूळ लेखिकेला तिच्यात काहीही करता येत नाही. भाडेकरूंना, घरकामाला येणाऱ्या मावशींना किंवा वॉचमनला पाठवलेला मजकूर आणि काढलेले स्क्रीनशॉट यांचेही तसेच आहे. म्हणून उत्तराच्या मेसेजमध्ये एक वाक्य वाढवावे: “ज्यांनी सूचना पुढे पाठवली असेल त्यांनी कृपया जुना मेसेज डिलीट करून हा पाठवावा.” विंगचे असे ग्रुप माहीत असतील तर त्या काकांना थेट फोन करावा: “काका, तुमच्या विंगच्या ग्रुपवर गुरुवारच दिसतोय, तेवढे बदलाल का?” दुसऱ्या दिवशी सकाळी विनाकारण भरलेल्या बादल्यांपेक्षा हा एक फोन केव्हाही सोयीचा आहे.

पंधरा मिनिटे उलटून गेल्यावर

हाच फोन ९:१४ ऐवजी पावणेदहाला आला असता तर? दुरुस्तीचा मार्ग बंद झाला आहे, डिलीटचा उघडा आहे. अशा वेळी क्रम उलटा ठेवावा: आधी पूर्ण आणि योग्य सूचना नव्याने पाठवावी, तिच्या पहिल्याच ओळीत ‘सुधारित सूचना’ असे लिहून कोणत्या वेळच्या मेसेजच्या जागी ती आहे हे सांगावे, आणि त्यानंतरच जुना मेसेज डिलीट करावा. आधी डिलीट केले तर नवा मजकूर टाइप होईपर्यंत ग्रुपमध्ये फक्त डिलीट झाल्याची ओळ राहते, आणि चौकशीचे मेसेज त्या रिकाम्या वेळेतच येतात.

चुकीची सूचना आहे तशी ठेवून खाली सुधारणा लिहिणे चालेल का, असा प्रश्न अनेक जण विचारतात. गप्पांच्या ग्रुपमध्ये चालेल, पण पाणी, पैसे किंवा तारीख यांच्या बाबतीत मी तसे सुचवणार नाही. दुपारी ऑफिसमध्ये बसून ग्रुप वर-खाली करणाऱ्या माणसाच्या हाती आधी चुकीची सूचना लागू शकते, आणि सुधारणा तिच्यापासून पन्नास मेसेज खाली असते.

डिलीट करताना `Delete for everyone` आणि `Delete for me` यांतील फरकाकडे नीट लक्ष द्यावे. दुसरा पर्याय निवडला तर मेसेज फक्त आपल्या मोबाइलवरून जातो, इतर सर्वांकडे तो तसाच राहतो, आणि आपल्याला तो दिसत नसल्याने चूक झाल्याचे कळतही नाही. असे झाल्यास स्क्रीनच्या खालच्या बाजूला `Undo` येते, पण ते अवघे पाच सेकंद असते. ते लगेच दाबून मेसेज परत आणावा आणि पुन्हा योग्य पर्याय निवडावा. ते पाच सेकंद हुकले तर एकच मार्ग उरतो: ग्रुपच्या ॲडमिनला सांगून त्यांच्याकडून तो मेसेज सर्वांसाठी डिलीट करून घ्यावा.

जिथे दुरुस्तीऐवजी डिलीटच करावे

मेसेज चुकीच्या ग्रुपवर गेला असेल तर त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. तो तत्काळ डिलीट करावा. एखाद्या रहिवाशाचा मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक किंवा थकबाकीची वैयक्तिक माहिती ग्रुपवर गेली असेल तरीही डिलीट हाच मार्ग आहे. संवेदनशील भाग पुसून बाकीचा मेसेज ठेवला तर `Edited` ही खूण लोकांचे लक्ष नेमके तिकडेच वेधते.

मेंटेनन्स भरण्याच्या खात्याचा क्रमांक किंवा यूपीआय आयडी चुकला असेल तर मात्र दोन्हींची सांगड घालावी लागते. मुदत असेल तर एक क्षणही न दवडता मेसेज दुरुस्त करावा, कारण दुरुस्तीला डिलीट करून पुन्हा टाइप करण्यापेक्षा कमी वेळ लागतो आणि त्या वेळात कोणी पैसे पाठवू शकतो. येथे जुन्या क्रमांकावर रेघ मारून तो ठेवू नये, पूर्ण काढून टाकावा, कारण रेघ मारलेला क्रमांकही कॉपी होऊ शकतो. त्यानंतर स्वतंत्र मेसेज टाकून ९:१० ते ९:१४ या वेळेत कोणी पैसे भरले असल्यास खजिनदारांना कळवण्याची विनंती करावी.

आणखी एक प्रसंग आहे, जेथे मुदत असूनही दुरुस्ती करू नये. “गणपतीची वर्गणी प्रत्येक घरामागे ५०० रुपये, सर्वांना मान्य आहे का?” या मेसेजखाली दहा जणांनी “हो, चालेल” असे लिहिल्यानंतर ५०० चे ७०० केले, तर ती दहा उत्तरे आता ७०० ला दिलेली संमती म्हणून दिसतात. जुना आकडा कोणालाच दिसत नाही. हेतू स्वच्छ असला तरी हे योग्य नाही. ज्या मेसेजला लोकांनी होकार किंवा नकार दिला आहे, त्याचा अर्थ बदलायचा असेल तर तो जागेवरच ठेवून नवा प्रस्ताव नव्या मेसेजमध्ये मांडावा आणि पुन्हा संमती घ्यावी.

इतर ॲप्सवरील मुदती

व्हॉट्सॲपची सवय झालेल्या माणसाला इतर ॲप्सवर जुन्या मजकुराविषयी विशेष सावध राहावे लागते. टेलिग्रामवर वैयक्तिक संभाषणात आणि ग्रुपमध्ये ४८ तासांपर्यंत दुरुस्ती करता येते. सिग्नलवर २४ तास मिळतात आणि एक मेसेज १० वेळा बदलता येतो, परंतु तेथे `Edited` या खुणेवर टॅप केले की समोरच्याला आधीचे सर्व मजकूर दिसतात. आयफोनच्या आयमेसेजमध्येही तसेच आहे: १५ मिनिटांत ५ वेळा दुरुस्ती करता येते, आणि समोरचा माणूस खुणेवर टॅप करून जुना मजकूर वाचू शकतो. म्हणून या दोन ठिकाणी लपवण्याजोगी माहिती चुकून गेली असेल तर दुरुस्तीचा काहीच उपयोग नाही. आयमेसेजवर ती परत घेण्यासाठी `Undo Send` आहे, पण त्याची मुदत केवळ २ मिनिटांची आहे. इन्स्टाग्राम आणि मेसेंजरवर मुदत १५ मिनिटांची आणि मर्यादा ५ वेळांची आहे.

साध्या एसएमएसला यांपैकी काहीच लागू होत नाही. तो गेला की बदलता येत नाही आणि परतही घेता येत नाही. सोसायटीत स्मार्टफोन न वापरणारे आजी-आजोबा असतील आणि सूचना त्यांना एसएमएसने जात असेल, तर दिवस बदलल्यावर ग्रुपमधील दुरुस्तीसोबत त्यांना ‘सुधारित’ या शब्दाने सुरू होणारा दुसरा एसएमएस पाठवावा आणि वॉचमनला सांगून गुरुवारी सकाळी आठच्या आत त्यांच्या दारावर निरोपही द्यावा, म्हणजे त्या दिवशी पाणी सुरूच राहणार आहे हे त्यांना वेळेत कळेल.